कँडलचा पंचनामा: चार्टमध्ये दिसतं ते सांगायचं, उद्याचा भाव सांगायचा नाही

मंगळवारी दुपारी भाच्याचा मेसेज आला. एका शेअरच्या चार्टचा स्क्रीनशॉट, त्यातल्या शेवटच्या कँडलभोवती, म्हणजे भाव दाखवणाऱ्या मेणबत्तीसारख्या खुणेभोवती, बोटानं ओढलेलं पिवळं वर्तुळ आणि खाली प्रश्न: "मामा, हॅमर बनलाय. आता वरच जाणार ना?"

चित्र मोठं करून पाहिलं. शेवटच्या कँडलचं अंग पिटुकलं, हिरवं, आणि त्याखाली लांबलचक वात. वरच्या पट्टीत उघडलेला, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा भाव, असे आकडेही दिसत होते: `O 1196 H 1204 L 1168 C 1202`. हॅमर म्हणजे घसरणीनंतर भाव वर वळण्याची खूण मानला जाणारा आकार, आणि त्याच्या पुस्तकी व्याख्येत हे बरोबर बसत होतं. फक्त चित्राच्या अगदी वर, मोबाईलच्या घड्याळात, १:४२ वाजले होते. बाजार साडेतीनला बंद होतो. ज्या कँडलचं बारसं त्यानं करून टाकलं होतं, ती अजून जन्मायची होती. साडेतीनला तो शेअर ११७१ वर आला. हिरव्या ठिपक्याच्या जागी लालभडक जाड अंग उभं होतं आणि हॅमर कुठेच नव्हता.

भाकीत चुकलं, याचं मला काही वाटलं नाही. भाकितं चुकतातच. पण समोर जे दिसत होतं तेही त्यानं नीट पाहिलं नव्हतं. "ही कँडल अर्धवट आहे" एवढं खरं वाक्य त्या चित्रात होतं, आणि तेच निसटलं.

गावात पावसानं घर पडलं की तलाठी येऊन पंचनामा करतो. कोणत्या बाजूची भिंत पडली, किती फूट, पत्रे किती उडाले. उरलेली भिंत पुढच्या पावसात टिकेल का, हे पंचनाम्यात नसतं. कँडलच्या चित्राचाही असा पंचनामा करता येतो. त्याची कसोटी सोपी आहे: उद्या भाव वर जावो की खाली, आज लिहिलेलं वाक्य खरंच राहिलं पाहिजे, आणि ते खरं की खोटं हे त्याच चित्रावरून दुसऱ्या कुणालाही तपासता आलं पाहिजे.

## एका मेणबत्तीत चार आकडे

एक कँडल म्हणजे ठरावीक वेळातल्या भावाचा सारांश. वेळ एक दिवसाची असेल, पाच मिनिटांची असेल किंवा आठवड्याची. त्या वेळातला पहिला भाव, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा, एवढेच चार आकडे तिच्यात असतात. पहिल्या आणि शेवटच्या भावामधला जाड भाग म्हणजे अंग, ज्याला सगळे बॉडी म्हणतात. अंगाच्या वर-खाली निघालेल्या बारीक रेघा म्हणजे वाती. शेवटचा भाव पहिल्यापेक्षा वर असेल तर बहुतेक अ‍ॅपवर अंग हिरवं दिसतं, खाली असेल तर लाल. रंग सेटिंगमधून बदलता येतात, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या कँडल दिसल्या तर आधी कोणता रंग कशाचा ते पाहायचं. ही पद्धत जपानची. अठराव्या शतकातल्या तिथल्या तांदळाच्या बाजारापर्यंत तिची परंपरा सांगतात.

चार आकडे म्हणजे चारच. वरचा भाव आधी आला की खालचा, हे एका कँडलवरून सहसा कळत नाही. दिवसभरात भाव पाचदा वर-खाली झाला की एकदाच, तेही नाही. "सकाळी पडला, दुपारी सावरला" असं वाक्य दैनिक कँडलवरून लिहिलं असेल तर लिहिणाऱ्यानं दुपार स्वतःच्या मनातून आणलेली असते. "दिवसाच्या तळापासून ३४ रुपये वर बंद झाला" हे मात्र चित्रात आहे, ते खुशाल लिहावं.

## लाल कँडल, पण बाजार ७३३ अंकांनी वर

खरा दिवस घेऊ: ३ जून २०२४, सोमवार. लोकसभेची मतमोजणी दुसऱ्या दिवशी होती आणि शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले होते. निफ्टी हा एक शेअर नसून पन्नास शेअरांचा निर्देशांक आहे, पण त्याची कँडल तशीच वाचायची. शुक्रवारी, ३१ मेला तो २२,५३०.७० वर बंद झाला होता. सोमवारी उघडला तोच २३,३३७.९० वर, आणि बंद झाला २३,२६३.९० वर.

आदल्या बंदशी ताडून पाहिलं तर ७३३.२० अंकांची वाढ, म्हणजे सव्वातीन टक्के. पण त्या दिवशीची कँडल लाल आहे! कारण रंग आदल्या दिवसाशी तुलना करतच नाही. तो फक्त त्या दिवशीचा पहिला भाव आणि शेवटचा भाव पाहतो, आणि उघडल्यापासून बंद होईपर्यंत निफ्टी ७४ अंकांनी खाली आला होता. त्या चित्रावर "लाल कँडल, म्हणजे बाजार पडला" असं लिहिणारे असतात, आणि त्यांचं वाक्य सरळ खोटं असतं. पंचनाम्यात दोन्ही गोष्टी येतात: आदल्या बंदपेक्षा बरीच वर उघडली, आणि उघडल्या भावापेक्षा थोडी खाली बंद झाली.

## आधी चित्राच्या कडा बघा

नवशिका पहिल्यांदा शेवटची कँडल बघतो. मी आधी चारही कडा बघतो, कारण चित्र फसवतं ते बहुतेक वेळा कडांवरच.

वर डावीकडे शेअरचं नाव आणि कँडलची मुदत असते. `1D` म्हणजे दिवसाची, `5m` म्हणजे पाच मिनिटांची. ही मुदत कापून टाकलेली असेल तर पुढचं काही सांगण्यात अर्थ नाही, कारण तोच आकार पाच मिनिटांचा असेल तर ती एका चहाची वेळ, आणि आठवड्याचा असेल तर पाच दिवसांचं सगळं काम. उजवीकडे भावाची पट्टी असते. अ‍ॅप ती आपोआप ताणतं. पट्टी ११८० ते १२१० एवढीच असेल तर अडीच टक्क्यांची चाल पडद्यावर कळसूबाई दिसते. म्हणून "मोठी तेजी" लिहिण्याआधी वरचा आकडा, खालचा आकडा आणि त्यांतला फरक टक्क्यांत काढायचा. बऱ्याच वर्षांचा चार्ट असेल तर पट्टी साधी आहे की `log`, म्हणजे टक्क्यांच्या हिशेबानं आखलेली, तेही बघावं. साध्या पट्टीवर १०० चे २०० आणि १००० चे ११०० ही सारख्याच उंचीची उडी दिसते. पहिल्यात पैसा दुप्पट झालेला असतो, दुसऱ्यात दहा टक्के.

तळाशी तारखा. त्यांवरून कळतं की चित्र कुठून कापलंय. दोन महिन्यांचा चढ दाखवणारा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्यानं त्याआधीची घसरण डावीकडे बाहेर ठेवलेली असू शकते. ती होतीच असं आपण म्हणू शकत नाही. "दिसणाऱ्या दोन महिन्यांत" एवढेच शब्द जोडले की वाक्य प्रामाणिक होतं.

आणि उजवी कड, जिथं भाचा अडखळला. शेवटची कँडल पूर्ण झाली आहे का? यात एक बारकी मेख आहे. एनएसईवर रूढ पद्धतीत शेअरचा दिवसाचा बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नसतो. शेवटच्या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांची, किती शेअर कोणत्या भावानं गेले ते लक्षात घेऊन काढलेली, ती सरासरी असते. त्यामुळे साडेतीनला घेतलेला आणि रात्री घेतलेला स्क्रीनशॉट यांत दोन-चार रुपयांचा फरक पडू शकतो. अंग पिटुकलं असेल तर तेवढ्यानं रंगही पालटतो.

एक गोष्ट तर कोणत्याच कडेवर लिहिलेली नसते. २८ ऑक्टोबर २०२४ ला रिलायन्सचा शेअर आदल्या बंदच्या साधारण निम्म्या भावानं उघडला. ज्या चार्टमध्ये जुने भाव जुळवून घेतलेले नसतील तिथं ही भयंकर दरी दिसेल. पण त्या दिवसापासून एकास एक बोनस लागू झाला होता. ज्याच्याकडे एक शेअर होता त्याचे दोन झाले. भाकरी मोडून दोन अर्ध्या केल्या, पिठात काही फरक नाही. एका रात्रीत निम्मा, पाचवा, दहावा हिस्सा झालेला भाव दिसला की मी "कोसळला" हा शब्द लिहीत नाही. आधी बोनस किंवा स्प्लिट, म्हणजे एका शेअरचे अनेक तुकडे करणं, झालं होतं का ते शोधतो, आणि शोधता येत नसेल तर "भाव जुळवलेले आहेत की नाही, हे चित्रावरून कळत नाही" असं लिहितो.

## ४ आणि ५ जून: दोन कँडलचा पंचनामा

मतमोजणीचा दिवस, ४ जून. निफ्टीची कँडल अशी:

`O 23,179.50  H 23,179.50  L 21,281.45  C 21,884.50`

उघडलेला भाव आणि सर्वोच्च भाव एकच, म्हणजे वरची वात नाही. अंग १,२९५ अंकांचं, लाल. खालची वात ६०३ अंकांची. पूर्ण उंचीत अंगाचा वाटा साधारण दोन-तृतीयांश. बंद आदल्या बंदपेक्षा १,३७९ अंक खाली, म्हणजे सहा टक्क्यांना थोडं कमी.

आता नावं ठेवून बघू. लांब खालची वात बघून कुणी हॅमर म्हणेल. पण हॅमरसाठी खालची वात अंगाच्या निदान दुप्पट हवी, इथं ती अंगाच्या निम्मीही नाही. कुणी मारुबोझू म्हणेल, म्हणजे वाती नसलेली टकली कँडल. वर वात नाही हे खरं, खाली आहे. तेव्हा नाव नाहीच. "वरची वात नसलेली, खाली ६०३ अंकांची वात असलेली मोठी लाल कँडल", बस. प्रत्येक कँडलला नाव असलंच पाहिजे असा काही कायदा नाही.

दुसऱ्या दिवशी, ५ जूनला, निफ्टी साधारण २२,१२८ वर उघडला, वर २२,६७० पर्यंत आणि खाली २१,७९२ पर्यंत जाऊन २२,६२० वर बंद झाला. हिरवी कँडल. तिचं अंग आदल्या दिवशीच्या लाल अंगाच्या आत पूर्ण मावतं. वातीसुद्धा आदल्या दिवसाच्या वर-खालच्या टोकांच्या आतच आहेत. याला नाव आहे: हरामी. मराठी माणूस इथं हसतोच. जपानीत या जुन्या शब्दाचा अर्थ गर्भवती: मोठ्या अंगाच्या पोटात छोटं अंग. व्याख्या तंतोतंत बसते, म्हणून इथं नाव घ्यायला हरकत नाही.

पंचनामा असा होतो: "दैनिक कँडल. ४ जूनची मोठी लाल, वरची वात नाही. ५ जूनची हिरवी, तिचं अंग आदल्या अंगाच्या आत. या रचनेला हरामी म्हणतात. ५ जूनचा बंद आदल्या बंदपेक्षा ७३६ अंक वर, पण ४ जूनच्या उघडलेल्या भावापेक्षा सुमारे ५५९ अंक खाली." शेवटचा तुकडा मुद्दाम घातलाय. वाढीचा आकडा एकटा ठेवला की वाचणाऱ्याच्या मनात बाण वर जातो. किती भरून निघालं आणि किती उरलं, दोन्ही सांगितलं की चित्र जागेवर राहतं.

## "पण हरामी खरी ठरली की!"

ठरली खरी. घसरणीनंतरच्या हरामीला पुस्तकं भाव वर वळण्याची खूण मानतात, आणि ७ जूनला निफ्टी २३,२९० वर बंद झाला, ३ तारखेच्या बंदच्याही वर. हा आक्षेप मला हमखास येतो, आणि तो घेणारा सहसा ३ जूनची कँडल विसरलेला असतो. त्या संध्याकाळी चित्र काय होतं? आजवरचा उच्चांक, आणि वर उघडल्यावर आदल्या बंदपासूनची दरी भरायलाही भाव खाली आला नाही. पुस्तकी भाषेत जोरदार तेजीचं चित्र. दुसऱ्या दिवशी सहा टक्के पडला. एकाच आठवड्यात, एकाच चार्टवर, एक वाचन आपटलं आणि एक तरलं. दोन्ही वेळा धक्का मतमोजणीचा आणि सरकार कुणाचं बनणार याच्या बातम्यांचा होता, आणि तो कँडलच्या आकारात आधी लिहिलेला नव्हता. ३ तारखेचा पंचनामा मात्र ४ लाही खरा होता आणि आजही खरा आहे.

## नाव घेतलं की भाकीत आलंच ना?

हा आक्षेप जास्त खोलातला आहे, आणि बराचसा बरोबर आहे. छोटं अंग वर आणि लांब वात खाली, हाच आकार घसरणीनंतर आला तर त्याला हॅमर म्हणतात आणि चढानंतर आला तर हँगिंग मॅन, फासावर लटकलेला. आकार तोच, मिलिमीटरचाही फरक नाही. नाव बदलतं ते आधी काय झालं त्यावरून, आणि नावातच पुढचा अंदाज शिवून टाकलेला असतो. म्हणून मी क्रम उलटा ठेवतो. आधी मोजमाप, मग आधीची चाल, आणि नाव शेवटी, "म्हणतात" या शब्दासकट. "आधीच्या नऊ कँडलमध्ये भाव १३१० वरून ११९६ पर्यंत आला, त्यानंतर अंगाच्या चौपट खालची वात असलेली कँडल, या आकाराला हॅमर म्हणतात." नाव काढून टाकलं तरी वाक्याचं काही बिघडत नाही, हे बघायचं.

खरी गडबड नावांपेक्षा क्रियापदांत असते. "सपोर्ट घेतला" म्हणजे काय? कुणीतरी आधार दिला, आणि पुढेही देईल. त्याऐवजी "११६८ ते ११७२ या पट्ट्यात भाव तीनदा आला आणि तिन्ही वेळा त्याच्या वर बंद झाला" असं लिहिलं तर तपासता येतं. "ब्रेकआउट दिला" याऐवजी "आधीच्या चार शिखरांच्या वर पहिल्यांदा बंद झाला". "खरेदीदार वरचढ ठरले" हे तर मला मुळीच आवडत नाही. प्रत्येक सौद्यात विकणारा असतोच, जितके शेअर घेतले गेले तितकेच विकले गेले. कुणाच्या मनात काय होतं ते कँडलवर छापलेलं नसतं.

हेड अँड शोल्डर्ससारख्या मोठ्या आकृत्यांनाही हेच लागू. तीन शिखरं, मधलं उंच, कडेची दोन साधारण सारखी, एवढं दिसतं. दरम्यानच्या दोन तळांना जोडणारी रेघ म्हणजे नेकलाइन. भाव तिच्याखाली बंद झाला नसेल तर आकृती पूर्ण झालेली नाही, आणि "बनतेय" हा शब्दही भविष्यातलाच आहे. रेघांबद्दल तर विशेष जपून राहावं. कोणत्याही दोन बिंदूंमधून रेघ जातेच. चित्रावर रेघ असेल तर ती किती ठिकाणी टेकते, अंगाला टेकते की वातीला, आणि ती काढणाऱ्यानं काढली आहे, बाजारानं नाही, हे लिहायचं.

## "शक्यता आहे" म्हटलं तर चालेल का?

नाही. "वर जाण्याची शक्यता आहे" हे भाकीतच आहे, फक्त चुकल्यावर पळायला मागचं दार ठेवलेलं. "१२०४ ओलांडला तर १२५० दिसू शकतो" हेही तसंच. "दिसणाऱ्या काळात १२०४ च्या वर एकही बंद नाही" हे मात्र वर्णन आहे. वाचणारा त्यावरून स्वतःचं जे ठरवायचं ते ठरवेल.

याला कायद्याचीही बाजू आहे. कोणता शेअर घ्यावा, कोणता विकावा हे लोकांना सांगण्याचा व्यवसाय करायचा तर सेबीकडे नोंदणी लागते. जानेवारी २०२५ मध्ये सेबीनं आणखी स्पष्ट केलं की नुसतं शिक्षण देतो म्हणणाऱ्यानं शेअरचं नाव घेऊन मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरू नयेत. ताजा चार्ट दाखवून "मी फक्त शिकवतोय" म्हणणाऱ्यांसाठीच तो नियम होता. भाच्याला मामानं घरगुती दोन शब्द सांगणं वेगळं, पण तोच स्क्रीनशॉट तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकून "बघा काय होतंय" लिहिणं वेगळं.

मग नुसत्या वर्णनाचा उपयोग काय, असं भाच्यानंही विचारलं. मी त्याला त्याचाच मंगळवारचा स्क्रीनशॉट परत पाठवला आणि म्हटलं, नाव न घेता पाच ओळी लिही. तिसऱ्या ओळीला त्याचं त्यालाच घड्याळ दिसलं.

पंधरा दिवसांनी त्याचा दुसरा मेसेज आला. यावेळी वर्तुळ नव्हतं. "दैनिक कँडल, संध्याकाळी सातला घेतलाय. ४० दिवस दिसतात. पट्टी ८९० ते ९६०, म्हणजे आठ टक्क्यांच्या आतबाहेर. ९५५ च्या वर तीनदा वात गेली, अंग एकदाही नाही. शेवटची कँडल लाल, पण आदल्या बंदपेक्षा वर. नाव काही बसत नाही."

मी विचारलं, "बोनस, स्प्लिट बघितलंस?"

"थांब मामा, बघतो."